दावा आणि कैफियत ताडून तक्ता करताना या चुका टाळा

नाशिकच्या न्यायालयात ज्युनिअर म्हणून आलेल्या प्रत्येकाला सीनियर पहिल्या काही दिवसांतच सांगतात, "दावा आणि कैफियत समोर ठेव, कबूल-नाकबूलचा तक्ता कर." बहुतेक जण मग दाव्याच्या कलमाला एक ओळ देतात आणि समोर एक शब्द लिहितात: नाकबूल. मीही तसेच करायचो. मुद्दे काढायच्या तारखेला तो तक्ता कुणाच्याच कामी आला नाही.

समजा, निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराने पंचवटीतल्या व्यापाऱ्यावर थकबाकीचा दावा लावला आहे. दाव्याच्या कलम ३ मध्ये तो म्हणतो की, प्रतिवादीने १२ फेब्रुवारीला बागेतून ८० क्विंटल माल उचलला, दर किलोला ३८ रुपये ठरला, एकूण ३,०४,००० रुपये झाले, त्यातले १ लाख चेकने मिळाले आणि २,०४,००० बाकी आहेत. कलम ४ मध्ये नोटीस पाठवल्याचे आणि ती प्रतिवादीला मिळाल्याचे आहे.

कैफियतीच्या कलम ३ मध्ये उत्तर येते: "दावा कलम ३ मधील मजकूर खरा नाही. प्रतिवादीने वादीकडून ३८ रुपये दराने ८० क्विंटल द्राक्षे कधीही खरेदी केली नाहीत." नोटिशीबद्दल अवाक्षर नाही.

इथे 'कलम ३ – नाकबूल' लिहिले की घोटाळा झालाच. त्या एका कलमात पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि नकाराचे वाक्य दोन-तीन गोष्टी एकत्र बांधून नाकारते. ८० क्विंटल नाही, मग किती? ३८ ने नाही, मग कितीने? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम ४ ला नेमकी हीच पळवाट मान्य नाही. अमुक रक्कम घेतली असे विधान असेल, तर 'तेवढी घेतली नाही' म्हणून भागत नाही. काहीच घेतली नाही किंवा किती घेतली, हे सांगावे लागते. म्हणून तक्त्याची ओळ कलमाला नाही, प्रत्येक वस्तुस्थितीला द्यायची. आणि कबूल, नाकबूल, निरुत्तर यांच्या जोडीला 'मोघम' असा चौथा शेरा ठेवायचा.

दुसरी चूक याहून महाग पडते. कलमवार उत्तर संपले की वाचन थांबते. खरा माल पुढे असतो, 'प्रतिवादीची खरी हकीकत' या मथळ्याखाली. आपल्या उदाहरणातल्या कैफियतीच्या कलम ९ मध्ये लिहिले आहे: "वादीच्या मालाचे मणी तडकलेले निघाल्याने सदर मालाची संपूर्ण किंमत १ लाख रुपये ठरली व ती चेकने अदा केली." माल घेतला, चेक दिला, दोन्ही इथे कबूल झाले. तक्ता आता असा होतो:

| दावा | विधान | कैफियत | शेरा |
|---|---|---|---|
| ३ | माल उचलला | क. ९ | कबूल. तारीख मोघम |
| ३ | वजन ८० क्विंटल | क. ३ | मोघम |
| ३ | दर ३८ रु. | क. ३, ९ | नाकबूल. किंमत १ लाख ठरल्याचे म्हणणे |
| ३ | १ लाख चेकने | क. ९ | कबूल |
| ३ | २,०४,००० बाकी | क. ९ | नाकबूल |
| ४ | नोटीस मिळाली | – | निरुत्तर |

पक्क्या तक्त्यात शेऱ्याशेजारी कैफियतीतले मूळ शब्द उतरवा. 'चेक कबूल' एवढेच लिहिले तर 'संपूर्ण किंमत' ही अट गळते आणि उलटतपासाच्या वेळी समोरचे वकील तिथेच बोट ठेवतात. किंमत १ लाखच ठरली, हे मात्र प्रतिवादीचे स्वतःचे म्हणणे आहे. ते शाबीत करण्याची तयारी त्याला ठेवावी लागेल.

शेवटच्या पानावर जवळजवळ प्रत्येक कैफियतीत छापल्यासारखे एक वाक्य असते: 'जो मजकूर स्पष्टपणे कबूल केलेला नाही तो सर्व नाकबूल आहे.' या वाक्याच्या भरवशावर नोटिशीच्या ओळीत 'नाकबूल' लिहू नका. नियम ३ ला सरसकट नकार पुरत नाही. ओळ निरुत्तरच ठेवा. 'माहितीअभावी कबूल नाही' हे मात्र निरुत्तर नव्हे. कैफियतीत नुसते 'कबूल नाही' म्हटले, तरी नियम ५ नुसार ते विधान आपोआप मान्य धरले जात नाही.

निरुत्तर म्हणजे जिंकलो, असेही समजू नका. नियम ५ नुसार ते मान्य धरले जाते खरे, पण तरीही पुरावा द्या असे सांगण्याचा अधिकार न्यायालयाकडे आहे. नोटिशीची पोस्टाची पोच यादीसोबत दाखल करून ठेवा.

तक्त्यात कलमांचे आकडे जुळेनासे झाले, चेकच्या कलमाला नोटिशीचे उत्तर दिसू लागले, तर प्रतिवादीला वेड लागले असे समजण्याआधी दाव्याची दुरुस्ती झाली आहे का ते पाहा. मध्ये एक कलम घुसले की पुढचे सगळे सरकते आणि कैफियत जुन्या आकड्यांवरच बोलत राहते. अशा वेळी आकडा सोडून मजकुराला मजकूर लावायचा आणि जादा कैफियत दाखल आहे का, हे रोजनाम्यात शोधायचे.