ओलावा सेन्सर बसवताना या चुका टाळा: जागा, खोली आणि संख्या

ठिबकवरच्या शेतात एक तक्रार वारंवार ऐकू येते: सेन्सर ओल दाखवतोय, पण पीक दुपारी मान टाकतंय. अशा वेळी यंत्राला दोष देण्याआधी ते कुठे बसवलंय ते बघा. सेन्सर शेत मोजत नाही. तो स्वतःभोवतीची काही सेंटीमीटर माती मोजतो, आणि ती माती मुळांच्या वाट्याची नसेल तर आकडा बरोबर असूनही निर्णय चुकतो.

सर्वात जास्त घोटाळा होतो ड्रिपरच्या बरोबर खाली सेन्सर रोवल्याने. ड्रिपरखाली ओल कांद्याच्या आकाराने पसरते. हलक्या जमिनीत हा कांदा अरुंद आणि खोल, भारी जमिनीत रुंद आणि बसका. त्याच्या गाभ्यात माती जवळजवळ कायम ओली, तर दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात कायम कोरडी. दोन्ही जागा चुकीच्या. रोपांच्या ओळीत, ड्रिपरपासून साधारण 10 ते 15 सेंटीमीटरवर, जिथे मुळं खरोखर पाणी पितात तिथे सेन्सर हवा. बांधाकडेची रोपं, झाडाची सावली आणि सखल, पाणी साचणारा तुकडा सोडून द्या. सेन्सरजवळचा ड्रिपरही तपासा. ताशी 2 लिटरचा ड्रिपर 6 मिनिटांत सुमारे 200 मिलिलिटर पाणी देतो. तो अर्धवट तुंबलेला असेल तर तुम्ही शेताची नाही, त्या ड्रिपरची तहान मोजत बसाल.

दुसरी चूक म्हणजे एकाच खोलीवर विसंबणं. वरचा सेन्सर पाणी कधी द्यायचं ते सांगतो, पण किती द्यायचं हे खालच्याशिवाय कळत नाही. खोली पुस्तकातून घेऊ नका. एक रोप बाजूने खणा आणि बारीक पांढरी मुळं कुठवर दाट आहेत ते पाहा. एक सेन्सर त्या दाट थराच्या मध्यावर, दुसरा थराच्या जरा खाली.

समजा, मध्यम जमिनीत टोमॅटो आहे आणि मुळं 30 सेंटीमीटरपर्यंत दाट आहेत. टेन्शिओमीटर 15 आणि 40 सेंटीमीटरवर बसवले. हे यंत्र माती पाणी किती ताणून धरते ते सेंटीबारमध्ये दाखवतं, म्हणजे आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी. रोज दोन तास ठिबक चालतं. वरचा आकडा पाण्याआधी 30 आणि पाण्यानंतर 10 होतो. छान वाटतं. पण खालचा आठवडाभर 8 वरून हलत नाही. तिथली माती वाफशावर येतच नाही. पाणी मुळांना ओलांडून खाली निचरतंय आणि खतही सोबत नेतंय. इथे वेळ दीड तासावर आणा आणि चार-पाच दिवस थांबा. खालचा आकडा हळूहळू 15 ते 20 वर येऊन टिकला तर बेत जमला. तो 30, 40 असा चढतच राहिला तर पाणी खालपर्यंत पोचत नाही, म्हणून प्रत्येक पाळीची वेळ वाढवा. वरच्या आकड्यावरून यातलं काहीच दिसलं नसतं.

बसवताना राहिलेली हवेची पोकळी ही तिसरी चूक, आणि ती ओळखता येते. पाणी सुरू होताच आकडा एकदम खाली कोसळत असेल, तर पाणी सेन्सरच्या कडेने थेट उतरतंय. उलट शेजारची माती भिजूनही आकडा ढिम्म असेल, तर सेन्सरचा मातीशी संपर्कच नाही. त्याच खोलीवरची माती चाळून तिचा पातळ राडा करा, तो भोकात ओता, मग सेन्सर दाबून बसवा आणि वर मातीचा छोटा उंचवटा करा. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत भेग नेमकी सेन्सरला लागूनच पडते, तेव्हा पुन्हा बसवण्याला पर्याय नाही. दोन-तीन पाळ्या होईपर्यंत त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. शंका आली तर हातभर अंतरावर गिरमिटाने माती काढून मुठीत दाबून बघा.

राहिला प्रश्न संख्येचा. तो एकरावर नाही, व्हॉल्व्हवर ठरतो, कारण एका व्हॉल्व्हखालच्या सगळ्या रोपांना पाणी एकाच वेळी सुरू होतं आणि एकाच वेळी बंद होतं. प्रत्येक व्हॉल्व्हखाली दोन ठिकाणी, दोन-दोन खोल्यांवर सेन्सर असावेत. पहिलं ठिकाण सर्वात जास्त पसरलेल्या मातीत, दुसरं लवकर सुकणाऱ्या हलक्या तुकड्यात. पैसे दोनच ठिकाणांपुरते असतील तर ते दोन व्हॉल्व्हमध्ये वाटण्यापेक्षा एकाच मोठ्या व्हॉल्व्हखाली लावावेत असं माझं मत आहे. एकट्या ठिकाणाचा आकडा खोटा निघाला तर ते कळायला दुसरं काहीच नसतं. आणि दोन ठिकाणांचे आकडे जुळले नाहीत तर त्यांची सरासरी काढू नका. एकीकडे 15 आणि दुसरीकडे 45 असेल, तर 30 ही शेतातल्या कुठल्याच रोपाची स्थिती नाही. आधी दोन्हीकडचे ड्रिपर मोजा, मग गिरमिट घ्या. दोन्ही आकडे खरे निघाले तर त्या दोन जमिनींना वेगवेगळे व्हॉल्व्ह लागतील.