प्रेस मशीनवरची सूचना: आधी काय, मग काय

वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या प्रेस शॉपमध्ये डाय दुरुस्तीची सूचना दोन भाषांत लावलेली होती. वर इंग्रजी परिच्छेद, खाली बारीक अक्षरात त्याचं मराठी: ‘विद्युतपुरवठा खंडित करून फ्लायव्हील निष्क्रिय झाल्याशिवाय हात घालू नये.’ अक्षर लावून वाचणारे ‘निष्क्रिय’पाशीच अडकायचे. त्याहून घातक म्हणजे, आधी काय करायचं हे त्यातून कळतच नव्हतं. मोटार बंद केली तरी फ्लायव्हीलचं जड चाक बराच वेळ फिरत राहतं, तेवढ्यात बोटं जाऊ शकतात.

मी मराठी वर घेतलं, ठळक. एका ओळीत एकच काम: १. मेन स्विच बंद करा. २. कुलूप लावा, चावी खिशात ठेवा. ३. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या. ४. स्टार्ट बटण दाबून बघा, मशीन चालू होता कामा नये. ५. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावा. मगच हात घाला. प्रत्येक ओळीखाली तिचंच इंग्रजी, शेजारी चित्र. त्यामुळे इंग्रजी वाचणारा इंजिनियर ‘तीन नंबर झालं का?’ म्हणाला, की ऑपरेटरचं बोट त्याच ओळीवर जातं.

छापण्याआधी कागद मशीनला चिकटवला. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे मान डोलावतात, म्हणून एका जुन्या ऑपरेटरला म्हटलं, “मामा, वाचा आणि करून दाखवा.” त्यांनी कुलूप लावलं, चावी मात्र कुलपातच ठेवली. दुसऱ्या ओळीतलं ‘चावी खिशात ठेवा’ त्यानंतर आलं.