परिचयाआधीच्या चार ओळी: आधी कोणाचं नाव, आणि नावामागे काय?

पाहुण्यांचा परिचय लिहिणं तसं अवघड नाही. माहितीपत्रक मिळतं, वाक्यं जुळतात. घाम फुटतो तो त्याआधीच्या संबोधनाला, कारण तिथे चूक झाली तर व्यासपीठावरचा एखादा चेहरा लगेच उतरतो आणि तो सावरायला दुसरी संधी नसते. सूत्रसंचालनाच्या तयार चोपड्या इथे उपयोगी पडत नाहीत. त्यात चारोळ्या भरपूर असतात, क्रमाबद्दल अवाक्षर नसतं.

एक साधा प्रसंग घ्या. महाविद्यालयाचा पारितोषिक वितरण समारंभ. अध्यक्षस्थानी संस्थेच्या अध्यक्षा, प्रमुख पाहुणे राज्याचे मंत्री, विशेष अतिथी पद्मश्री मिळालेले डॉक्टर, शिवाय प्राचार्य. कार्यक्रम सुरू होता होता मंत्र्यांसोबतचं कुणीतरी येऊन कानात सांगतं, "साहेबांचं नाव आधी घ्या." सगळ्यांची गल्लत होते ती इथेच. मंत्रिपद मोठं आहे, यात शंका नाही. पण सभा चालते अध्यक्षांच्या अधिकारात, आणि वक्ता बोलतो तो आधी अध्यक्षांना उद्देशून. म्हणून पहिलं संबोधन अध्यक्षांचंच, मग व्यासपीठावर कितीही मोठी व्यक्ती असो. दुसरं प्रमुख पाहुण्यांचं. मंत्र्यांचा मान तिथे पूर्ण राखला जातो.

सरकारी समारंभात हा पेच सहसा पडत नाही, कारण तिथे क्रम राजशिष्टाचाराने आधीच ठरलेला असतो. केंद्राच्या अग्रक्रम तालिकेत राज्यपाल आपल्या राज्यात चौथ्या आणि मुख्यमंत्री आपल्या राज्यात सातव्या क्रमांकावर आहेत. पत्रिकाही त्यानुसारच छापतात. तिथे स्वतःची अक्कल चालवू नका, दिलेला क्रम वाचा.

आणखी एक बारकावा. काही संस्थांमध्ये अध्यक्षपदाची सूचना आणि अनुमोदन अजूनही रीतसर होतं. ते होण्याआधी माइक तुमच्या हाती आला, तर "नियोजित अध्यक्ष" म्हणायचं. अनुमोदन झालं की "अध्यक्ष महोदय" किंवा "अध्यक्ष महोदया". हे मला एका निवृत्त शिक्षकांनी शिकवलं. माझं मत स्पष्ट आहे: या कामात असा एक जुना माणूस गाठावा, तो दहा चोपड्यांना भारी पडतो.

आता बिरुदं. "मा. ना. डॉ. श्री." अशी माळ कागदावर कशीबशी खपते, तोंडी हास्यास्पद होते. एक आदरवाचक आणि एक पदवी पुरे. डॉ. किंवा प्रा. लावलं की श्री. गळतं. आणि "मा." हे कागदावरचं संक्षिप्त रूप आहे. माइकवर "मा" वाचू नका, "माननीय" म्हणा. त्यासाठी आपल्या कार्डावर पूर्ण शब्दच लिहून ठेवा, घाईत डोळा जे दिसतं तेच वाचतो.

राज्यपालांना "महामहिम" म्हणायची सवय अजून गेलेली नाही. राष्ट्रपती भवनाने 2012 मध्ये देशांतर्गत कार्यक्रमांसाठी ती पद्धत सोडली. "माननीय राज्यपाल" पुरेसं आहे.

पद्म पुरस्कारांबद्दल तर कडक राहा. "पद्मश्री डॉ. अमुक" असं आपण सर्रास म्हणतो, पण सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केलं की हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत आणि ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडायचे नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद 18 मध्ये सूट आहे ती लष्करी आणि शैक्षणिक पदव्यांना, म्हणून डॉ. आणि कर्नल चालतात. मान कमी होईल ही भीती बाळगू नका. पुरस्काराचा उल्लेख परिचयात करा, "त्यांना पद्मश्री पुरस्काराने गौरवण्यात आलं आहे" असा, पूर्ण वाक्यात. तो तिथेच शोभतो.

वरच्या प्रसंगात संबोधन असं होईल:

"आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय श्रीमती अमुक, प्रमुख पाहुणे आणि राज्याचे मंत्री माननीय श्री. अमुक, विशेष अतिथी डॉ. अमुक, प्राचार्य डॉ. अमुक, व्यासपीठावरील अन्य मान्यवर, प्राध्यापकवर्ग, पालक आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,"

इथे श्वास घ्या. मग परिचय सुरू. यात क्रियापद घालू नका. "उपस्थित आहेत" म्हटलं की संबोधनाची बातमी होते. महिलांच्या नावाआधी सौ. की कु. याचा शोध घेत बसू नका, श्रीमती सगळीकडे चालतं. त्यांना स्वतःला वेगळं काही हवं असेल तर तेच म्हणा.

शेवटचं काम माइककडे जाण्यापूर्वीचं. क्रम पत्रिकेवरून घ्या, पण नावं व्यासपीठावरच्या खुर्च्या पाहून पेन्सिलीने ताडून घ्या. पत्रिकेत असलेला पाहुणा आलेला नसतो, न छापलेला येऊन बसलेला असतो. न आलेल्याला संबोधलं तर सभागृहात कुजबुज सुरू होते. बोलणं सुरू झाल्यावर कुणी आलं, तर वाक्य पुरं करा, "आपल्यात आत्ताच दाखल झालेल्या माननीय अमुक यांचं स्वागत" एवढं म्हणा आणि परिचय जिथे थांबला होता तिथून पुढे न्या. सगळी यादी पुन्हा म्हणायची नाही.