घसाऱ्याच्या प्रकरणावर प्रश्न काढताना या चुका टाळा

पुस्तक मिटून आठवायला बसायचं, तर प्रश्न ‘का’ आणि ‘कसे’चे हवेत, हे आता बहुतेकांना माहीत असतं. तरी घोटाळा होतो, कारण ‘का’ लावला की प्रश्न आपोआप खोल जात नाही. ‘घसारा का आकारतात?’ हाच प्रश्न बघा. उत्तरात पुस्तकातली चार कारणं ओळीने येतात: झीज, काळ, कालबाह्यता, खरा नफा. ही पाठ केलेली व्याख्याच आहे, फक्त मुद्दे घालून लिहिलेली.

प्रश्नात अडचण हवी, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत असं वाटायला हवं. उदाहरणार्थ: ‘घसाऱ्यापोटी कोणालाच पैसे द्यावे लागत नाहीत, मग नफा का कमी होतो?’ उत्तरात ‘रोख कमी होते म्हणून’ असं आलं, तर गाडी कुठे अडली ते लगेच कळतं. पैसे यंत्र घेतानाच गेले. तोच खर्च आता वर्षावर्षात वाटला जातोय, एवढं लिहिता आलं पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे आकड्यांशिवाय प्रश्न काढणं. मला स्वतःला या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न आकड्यांचाच आहे. यंत्राची किंमत १,००,०००, आयुष्य ५ वर्षं, अखेरचं मोडीचं मूल्य १०,०००. स्थिर हप्ता पद्धतीने वर्षाला १८,००० घसारा, म्हणजे ३ वर्षांनी पुस्तकी किंमत ४६,०००. तेव्हा यंत्र ४०,०००ला विकलं. आता विचारा: ‘४०,००० हातात आले, तरी ६,००० तोटा का?’

‘पुस्तकी किमतीपेक्षा कमी आले म्हणून’ हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. यंत्राचे प्रत्यक्षात ६०,००० संपले होते, आपण ५४,०००च खर्ची टाकले होते. मागच्या वर्षांत कमी धरलेला घसारा विक्रीच्या दिवशी बाहेर आला. इथपर्यंत पोचलात की जोडप्रश्न घ्या: घटत्या शिलकेवर २०% धरले असते तर? घसारा २०,०००, १६,००० आणि १२,८००, एकूण ४८,८००. पुस्तकी किंमत ५१,२००, तोटा ११,२००. दोन्हीकडे घसारा आणि तोट्याची बेरीज ६०,०००च का येते, हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढा.

तपासणीतही एक चूक सर्रास होते. उत्तर मनात घोळवायचं, पुस्तक उघडायचं आणि ‘हो, हेच म्हणायचं होतं’ म्हणत पुढे जायचं. त्यापेक्षा आधी कागदावर लिहा. तोट्याच्या प्रश्नाला नोंदही करा: रोख ४०,००० नावे, तोटा ६,००० नावे, यंत्र ४६,००० जमा (घसारा थेट यंत्र खात्यातून वजा केला असेल तर). कारण बरोबर आणि नोंद उलटी, असं झालं तर प्रकरण पहिल्यापासून वाचू नका. फक्त यंत्र खातं खरेदीपासून विक्रीपर्यंत मांडा आणि दोन दिवसांनी तोच प्रश्न वेगळ्या आकड्यांनी सोडवा.