म्हाताऱ्या आईवडिलांना देवदर्शनाला नेताना: हॉटेल, होमस्टे की भक्तनिवास?

बुकिंग, आधारकार्डं, औषधांची पिशवी हे तुम्ही करालच. उतरायचं कुठे, यावर मात्र सगळे एकच सांगतात, "देवळाजवळ घ्या." हा सल्ला अर्धवट आहे. देवळापर्यंत रिक्षा मिळते, पण रात्री तीन वाजता संडासापर्यंत आईला स्वतःच चालावं लागतं.

म्हणून आधी बाथरूम ठरवा, मग जागा.

यात मी एकदा सपशेल फसलो. फोनवर विचारलं, "कमोड आहे का?" "आहे." "लिफ्ट?" "आहे." पोहोचलो तर लिफ्टच्या आधी सात पायऱ्या, कठडा नाही. बाथरूमला वीतभर उंच उंबरठा, आत ओली गुळगुळीत फरशी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दोन्ही रात्री मी दाराशी जागा राहिलो. उत्तरं खोटी नव्हती, माझे प्रश्न चुकले होते.

आता असं विचारतो: "रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती?" "लाइट गेली तर लिफ्ट चालते का?" "गरम पाणी किती वाजेपर्यंत?" आणि बाथरूमचा फोटो दारात उभं राहून काढायला सांगतो, म्हणजे उंबरठा, फरशी आणि धरायला काही आहे का, हे एकदम दिसतं. नुसता कमोडचा फोटो निरुपयोगी. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली, तर ती खोली सोडा. पलंगाचंही विचारा. बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. जमिनीवरच्या गादीवरून म्हातारं माणूस एकट्याने उठत नाही.

भक्तनिवास स्वस्त असतं, आसपास भजन-आरतीचं वातावरण असतं, आईबाबांना तिथे आपलं वाटतं. पण बऱ्याच ठिकाणी खोली काउंटरवर मिळेल ती घ्यावी लागते. तिसरा मजला आला तर वाद घालून उपयोग होत नाही. शिवाय गर्दीत गरम पाणी लवकर संपतं. एकादशीला पंढरपुरात तळमजल्याच्या भरवशावर जाऊ नका.

होमस्टेत, गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी, बिनतिखटाचं जेवण सांगून मिळतं, ही मोठी सोय. मात्र खोली तळमजल्यावर आणि संडास खोलीला लागून हवा. अंगणापलीकडचा चालणार नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

माझ्या आईबाबांसाठी मी रात्रीच्या झोपेला हॉटेलच घेतो, देवळापासून दोन किलोमीटर असलं तरी. दर्शनाच्या दिवशी भक्तनिवासात खोली मिळाली, तर दुपारी पाठ टेकायला तीही घेतो. दोन्हीचं भाडं भरावं लागतं, पण रांगेतून आल्यावर बाबांना लगेच आडवं होता येतं.

खोलीत शिरल्यावर सामान लावण्याआधी आईला एकदा बाथरूमपर्यंत चालवून बघा. ती भिंत धरून थबकली, तर तिथल्या तिथे खोली बदलून मागा. बॅगा उघडल्यावर बदलणं जिवावर येतं.