प्रोबेशन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी काय? ऑफर स्वीकारण्यापूर्वी विचारताना होणाऱ्या चुका

ऑफर हातात आली की बहुतेक जण पगाराचा आकडा बघतात, जॉइनिंगची तारीख बघतात आणि फार तर विचारतात, "प्रोबेशन किती महिन्यांचं?" उत्तर येतं, "सहा." विषय संपतो. खरं तर या उत्तराचा एकट्याने फारसा उपयोग नसतो. प्रोबेशनचा काळ, नोटीस पिरियड आणि कायम होण्याच्या अटी एकमेकांत अडकलेल्या असतात, आणि पत्रात त्या बऱ्याचदा तीन वेगवेगळ्या परिच्छेदांत विखुरलेल्या असतात.

पहिली चूक: महिने विचारायचे, शेवट कसा होतो ते नाही

समजा, एकीला 3 जूनला रुजू व्हायचं आहे. प्रोबेशन सहा महिने, म्हणजे 2 डिसेंबरपर्यंत. प्रोबेशनमध्ये कंपनीने काढायचं ठरवलं तर 15 दिवसांची नोटीस, तिने सोडायचं ठरवलं तर 30 दिवसांची. कायम झाल्यावर दोन्ही बाजूंनी 90 दिवस. इथवर सगळं सरळ आहे.

आता पत्रातलं पुढचं वाक्य बघा. एका प्रकारच्या पत्रात लिहिलेलं असतं, "लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत कर्मचारी प्रोबेशनवरच समजला जाईल." 2 डिसेंबर येतो, जातो. मॅनेजर कामात, एचआरला आठवण नाही, पत्र काही येत नाही. जानेवारीत प्रोजेक्ट बंद पडतो. तिच्या मते ती कायम झालेली आहे आणि तिला 90 दिवस मिळायला हवेत. कंपनी पत्रावर बोट ठेवून 15 दिवसांची नोटीस देते.

दुसऱ्या प्रकारच्या पत्रात नेमकं उलट असतं: "मुदतीत वेगळं कळवलं नाही, तर कर्मचारी आपोआप कायम समजला जाईल." जानेवारीत तिला दुसरी नोकरी मिळते. कन्फर्मेशन लेटर आलेलं नाही, म्हणजे अजून 30 दिवसच, असं धरून ती नव्या ठिकाणी तारीख देऊन बसते. इकडे मात्र 3 डिसेंबरपासूनच तिची नोटीस 90 दिवसांची झालेली असते, तीही हातात एक कागद न येता.

फरक एका वाक्याचा आहे. म्हणून प्रश्न असा विचारा: "सहा महिने पूर्ण झाल्यावर लेखी पत्र आलं नाही, तर मी प्रोबेशनवर धरली जाईन की कायम? आणि त्या काळात नोटीस कोणती लागू होईल?" याला जोडूनच मुदतवाढीचं विचारून घ्या. वाढ किती वेळा होऊ शकते, जास्तीत जास्त किती महिन्यांची, ती आधी कळवतात का, आणि लांबलेली आजारपणाची रजा प्रोबेशनच्या मुदतीतून वगळतात का. "कंपनीच्या निर्णयानुसार वाढवता येईल" एवढंच लिहिलं असेल तर त्याला कमाल मर्यादा नाही, असंच समजून चाला.

"परफॉर्मन्स चांगला हवा" या उत्तरावर समाधान मानणं

कन्फर्मेशनचे निकष विचारले की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ते खोटं नसतं, पण त्यातून कळत काहीच नाही. बरेचदा दोष प्रश्नाचाच असतो. "निकष काय?" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच येतं. त्यापेक्षा प्रक्रियेबद्दल विचारा: रिव्ह्यू कितव्या महिन्यात होतो, फॉर्म कोण भरतं, मधे एकदा लेखी फीडबॅक मिळतो की थेट शेवटी निकाल, आणि या पदावर आधी आलेल्यांपैकी कुणाचं प्रोबेशन वाढलं असेल तर कशामुळे. शेवटच्या प्रश्नाला मिळणारं उत्तर सगळ्यात कामाचं असतं, कारण ते घडलेल्या गोष्टीबद्दल असतं.

इथे माणूसही योग्य निवडावा लागतो. नोटिशीचे नियम एचआरला माहीत असतात, पण पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय करून दाखवायचं हे तुमच्या होणाऱ्या मॅनेजरलाच ठाऊक असतं. एचआरला सांगा, "स्वीकारण्याआधी मॅनेजरशी पंधरा मिनिटं बोलता येईल का?" त्यात सहसा कुणाला वावगं वाटत नाही. एचआर म्हणतं "टार्गेट नसतं" आणि मॅनेजर म्हणतो "तिसऱ्या महिन्यापासून टार्गेट", असं झालं तर मात्र तिथेच थांबून दोघांना एकाच ईमेलमध्ये घ्या.

फोनवर विचारून मोकळं होणं

"अहो, ती नुसती फॉर्मॅलिटी असते, सगळ्यांना कन्फर्म करतो आम्ही." हे सांगणारा मनापासून सांगत असेलही. पण अनेक ऑफर लेटर्समध्ये शेवटाकडे एक कलम असतं की आधी झालेली कोणतीही तोंडी चर्चा यापुढे ग्राह्य धरली जाणार नाही. त्यामुळे फोन झाला की त्याच दिवशी ईमेल टाका:

"आपल्या आजच्या बोलण्यानुसार माझी समजूत अशी आहे: प्रोबेशन सहा महिने, मुदतवाढ झाल्यास एकदाच आणि जास्तीत जास्त तीन महिने. प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंनी नोटीस 30 दिवस, कायम झाल्यावर 90 दिवस. यात काही दुरुस्ती असल्यास कळवावी. आपलं उत्तर आल्यावर मी पत्र सही करून पाठवते."

ईमेलला लेखी उत्तर द्यायची टाळाटाळ झाली आणि पुन्हा फोनच आला, तर ते उत्तर "नाही" असं धरा. "कंपनी पॉलिसीप्रमाणे" असं उत्तर आलं तर ती पॉलिसी वाचायला मागा.

पत्रात बदल करून मिळेल का, याबद्दल माझं मत सांगतो. कायम झाल्यानंतरची नोटीस एका माणसासाठी क्वचितच बदलतात. मुदतवाढीची मर्यादा आणि प्रोबेशनमधली दोन्ही बाजूंची समान नोटीस यावर मात्र कंपन्या तुलनेने लवकर तयार होतात. तेव्हा जोर तिथे लावा. जिथे कामगार कायदा किमान नोटीस ठरवून देतो, तिथे पत्रात त्याहून कमी लिहिलं तरी कायदाच चालतो.

नोटीस विकत घेण्याचा हिशेब न विचारणं

नोटीस पूर्ण न करता पैसे भरून निघता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. तो हक्क आहे की कंपनीच्या मर्जीवर आहे, हे विचारलं जात नाही. आणि रक्कम मूळ पगारावर धरतात की एकूण पगारावर, हेही नाही. मूळ पगार एकूण पगाराच्या 40 टक्के असेल तर 60 दिवसांची भरपाई एका हिशेबाने 0.8 महिन्याच्या एकूण पगाराइतकी होते, दुसऱ्या हिशेबाने पूर्ण दोन महिन्यांची.

उत्तरं येण्याआधी जुन्या नोकरीचा राजीनामा देणं

याने सगळं मुसळ केरात जातं. राजीनामा मंजूर झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला काही वजन उरत नाही, कारण "नाही" म्हणायची तुमची सोयच संपलेली असते. प्रश्न ऑफर आल्यावर आणि सही करण्याआधी विचारायचे. पहिल्याच मुलाखतीत नकोत, तिथे ते घाईचे दिसतात.

सही करून बसला असाल तर

पत्र पुन्हा काढा आणि ते दोनपैकी कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. दोन्ही वाक्यं नसतील तर एचआरला आत्ताच लेखी विचारा. मग प्रोबेशन संपायच्या महिनाभर आधी, वरच्या उदाहरणात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मॅनेजर आणि एचआर दोघांना ईमेल करा: "माझं प्रोबेशन 2 डिसेंबरला पूर्ण होत आहे. रिव्ह्यूची तारीख कळवावी." सोबत केलेल्या कामाची चार-पाच ओळींची यादी जोडा. तारीख उलटली आणि पत्र आलं नाही, तर 3 डिसेंबरला त्याच ईमेलच्या खाली दुसरा प्रश्न टाका: "आजपासून माझी स्थिती काय आणि मला लागू असलेली नोटीस किती?" या ईमेलची आणि उत्तराची प्रत कंपनीबाहेरही जपून ठेवा, कारण नोकरी सुटली की ऑफिसचा इनबॉक्स त्याच दिवशी बंद होऊ शकतो. फक्त कंपनीची गोपनीय माहिती त्यासोबत बाहेर जात नाही ना, ते आधी बघून घ्या.