टेम्पोचा रूट लावताना आधी सवड मोजा

भोसरीच्या गोदामातून पनीर-दह्याचे टेम्पो सोडायच्या कामावर मी लागले, तेव्हा नकाशावर जवळ दिसणारे स्टॉप एकमेकांना जोडत जायचं, एवढंच मला ठाऊक होतं. एकाच गोदामातून अनेक गाड्यांचे मार्ग आखण्याचं हे कोडं डॅन्ट्झिग आणि रॅमझर या संशोधकांनी 1959 मध्ये पेट्रोलच्या ट्रकांसाठी मांडलं. क्लार्क आणि राइट यांनी 1964 मध्ये दोन फेऱ्या जोडून वाचणारं अंतर मोजायची सोपी रीत दिली. ग्राहकाने वेळ बांधून दिली की मात्र निव्वळ अंतराचा हिशेब पुरत नाही. दोन दुकानं शेजारी असतील, पण एकाला माल सकाळी आठला आणि दुसऱ्याला अकराला हवा असेल, तर गाडी मध्ये नुसती उभी राहते.

माझं डोकं ज्या ट्रिपमुळे ताळ्यावर आलं, तीच सांगते. गाडी 8:00 ला निघते. 25 मिनिटांत चिंचवडचं किराणा दुकान येतं, पण ते 8:30 ला उघडतं. तिथे माल उतरवायला 10 मिनिटं. पुढे 20 मिनिटांवर निगडीचं हॉटेल, म्हणजे 9:00. तिथे 15 मिनिटं जातात. मग आणखी 15 मिनिटांवर रावेतचं कँटीन, तिथे गाडी 9:30 ला पोचते. चिंचवडला 9:30 पर्यंत, निगडीला 10:00 पर्यंत माल चालतो. रावेतचं गेट मात्र फक्त 9:30 ते 9:45 उघडं असतं.

एके दिवशी आकुर्डीची नवी ऑर्डर आली. वेळ 9:00 ते 10:30, उतरवायला 15 मिनिटं. चिंचवडहून आकुर्डी 15 मिनिटं, तिथून निगडी 10. म्हणजे आधीच्या 20 च्या जागी 25, फक्त 5 मिनिटं जास्त. निगडीला गाडी 9:25 ला पोचणार, तेही वेळेत. मी ऑर्डर तिथेच घातली. चलन बघताच ड्रायव्हर काका म्हणाले, "मॅडम, आकुर्डीत थांबलो की रावेतचं गेट गेलंच." खरंच होतं ते. 5 मिनिटं प्रवासाची, 5 आकुर्डीत 9:00 ची वाट पाहण्याची आणि 15 उतरवायची, असा पुढच्या प्रत्येक स्टॉपला 25 मिनिटांचा धक्का बसत होता. मी फक्त शेजारचा स्टॉप तपासला होता.

त्यानंतर मी एक्सेलमध्ये प्रत्येक स्टॉपसमोर 'उशिरात उशिरा' असा एक रकाना घातला. तो शेवटच्या स्टॉपपासून उलटा भरायचा:

```
late[i] = min(close[i], late[i+1] - travel[i] - service[i])
```

रावेत शेवटचा स्टॉप, म्हणून त्याची मुदत गेट बंद व्हायची वेळच, 9:45. त्यातून प्रवासाची 15 आणि निगडीत उतरवायची 15 वजा केली की निगडीसाठी 9:15 येतात. हॉटेल 10:00 पर्यंत माल घेतं, तरी आपल्यासाठी तिथली खरी मुदत 9:15. गाडी पोचते 9:00 ला, म्हणजे सवड 15 मिनिटांची. 25 चा धक्का त्यात बसत नाही, हे एका वजाबाकीत कळतं, पुढचे सगळे स्टॉप पुन्हा मोजावे लागत नाहीत. याच हिशेबाने चिंचवडची मुदत 8:45 येते. म्हणून माल भरायला उशीर होऊन गाडी 8:20 ला सुटली तरी चालतं, कारण 20 मिनिटांच्या धक्क्यातली 5 मिनिटं दुकान उघडायची वाट पाहण्यात गिळली जातात आणि उरलेली 15 सवडीत बसतात.

मग आकुर्डी कुठे घालायची? निगडी-रावेतच्या मध्ये घातली तर रावेत 10:00 ला, गेट बंद. सगळ्यात आधी घातली तर 9:00 पर्यंत वाट पाहावी लागते आणि रावेतचं गेट हुकतं. रावेतनंतर मात्र जमतं. तिथे 10 मिनिटांत माल उतरवून 9:40 ला निघून 20 मिनिटांत, 10:00 ला आकुर्डी. रावेतहून थेट गोदाम 35 मिनिटं, आकुर्डीहून 25. म्हणजे 10 मिनिटं जास्त. पहिल्या जागेच्या दुप्पट प्रवास, पण सगळ्यांना माल वेळेत. प्रत्येक उरलेल्या ऑर्डरसाठी सगळ्या गाड्यांतल्या अशा जागा तपासायच्या, जमणाऱ्यांतली स्वस्त निवडायची आणि कुठेच जागा नसेल तर नवी गाडी काढायची. सॉलोमन यांची 1987 ची रीत साधारण हीच. नवी गाडी सुरू करताना सगळ्यात लांबचा किंवा सगळ्यात लवकर मुदत संपणारा ग्राहक आधी घेतात. माझा कल दुसऱ्याकडे असतो, कारण अरुंद वेळेचा ग्राहक शेवटी उरला की त्याच्या एकट्यासाठी टेम्पो जातो.

रूट तयार झाल्यावर तो सुधारायला नवखे लोक बहुधा टू-ऑप्टपासून सुरुवात करतात. त्यात मधला तुकडा उलटा होतो, आणि सकाळचे ग्राहक दुपारी गेले की बहुतेक बदल बाद होतात. त्यापेक्षा एक ते तीन स्टॉप, त्यांचा क्रम न मोडता, उचलून दुसरीकडे ठेवून पाहा. याला ऑर-ऑप्ट म्हणतात.

आणि उतरवायचा वेळ सगळीकडे सारखा 10 मिनिटं धरू नका. गाडीचा उशीर स्टॉपगणिक थोडाथोडा वाढत असेल, तर हाच आकडा कमी धरला आहे. एकाच ठिकाणी उडी मारत असेल, तर तिथे गेटपास किंवा लिफ्टची रांग आहे. आमच्या शीटमध्ये आता प्रत्येक ग्राहकासमोर त्याचा स्वतःचा आकडा आहे, आणि तो ड्रायव्हर काकांना विचारून भरलेला आहे.